जुलै–सप्टेंबर तिमाहीची मेंटेनन्स वसुली: खजिनदाराच्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या २४ फ्लॅटना माझं पत्र गेलं. त्यानंतर लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा तर भाजीवाल्याच्या गाडीजवळ तेच तेच प्रश्न विचारले गेले. प्रत्येकाला वेगळं सांगताना माझीही आकड्यांत गफलत होऊ लागली, म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं आहे. पत्र हरवलेल्यांसाठी आधी पत्रच पुन्हा देतो.

पत्रात नेमकं काय लिहिलं होतं?

एवढंच:

"सर्व सभासदांस,
स. न. वि. वि.
जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत सभासदांकडून सोसायटीच्या खात्यात एकूण रु. २,३२,५६६ जमा झाले. तपशील असा:
या तिमाहीच्या बिलांपोटी: १,७६,८८०
मागील थकबाकीपोटी मुद्दल: २५,२००
थकबाकीवरील व्याज: २,६४६
पुढील तिमाहींचा आगाऊ भरणा: १९,४४०
नाव न कळलेली जमा (सस्पेन्स): ८,४००
या तिमाहीची एकूण आकारणी रु. २,२२,८४० होती.
आपला,
खजिनदार"

बिलं २,२२,८४० ची आणि जमा २,३२,५६६. म्हणजे सोसायटीकडे जवळजवळ दहा हजार जास्त आले ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला आणि चूक माझीच होती. दोन आकडे एकाच पत्रात दिले, पण त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते लिहिलं नाही.

आकारणी म्हणजे या तीन महिन्यांसाठी आपण किती बिलं काढली. जमा म्हणजे या तीन महिन्यांत खात्यात किती पैसे आले, मग ते कुठल्याही काळाचे असोत. जमेत मागच्या तिमाहींची थकबाकी आहे. एक सभासद मुलाकडे परदेशी निघाले म्हणून त्यांनी पुढच्या दोन तिमाहींचे पैसे आधीच भरले, तेही त्यात आहेत. हे दोन्ही बाजूला काढले की या तिमाहीच्या बिलांपोटी प्रत्यक्ष आलेली रक्कम उरते, ती १,७६,८८०.

आता २,२२,८४० आणि १,७६,८८० यांत ४५,९६० चा फरक आहे. तो असा भरतो. तीन फ्लॅटची बिलं आलीच नाहीत: ८,४००, ८,४०० आणि ९,७२०, मिळून २६,५२०. एका सभासदांचा ९,७२० चा चेक परत आला. आणि एका सभासदांनी एप्रिलमध्येच वर्षभराचे पैसे भरले होते, त्यांचं ९,७२० चं बिल त्या आगाऊ रकमेतून वळतं केलं. त्यांच्याकडे बाकी काही नाही, फक्त या तिमाहीत त्यांच्याकडून नवे पैसे आले नाहीत.

ते वळते केलेले पैसे धरले तर २,२२,८४० पैकी १,८६,६०० वसूल झाले, म्हणजे शंभरातले साधारण चौऱ्याऐंशी. सोसायटीची तब्येत कशी आहे हे बघायचं असेल तर हा आकडा बघा. २,३२,५६६ बघून काही कळत नाही.

मी बँकेचं स्टेटमेंट मागवलं. त्यात जमेची बेरीज २,४२,२८६ येते. पत्रातला आकडा ९,७२० ने कमी का?

विचारणाऱ्या काकांचं कौतुक आहे, त्यांनी खरोखर बसून बेरीज केली. तो फरक परत आलेल्या चेकचा आहे. चेक भरला त्या दिवशी स्टेटमेंटच्या जमा बाजूला ९,७२० दिसले. दोन दिवसांनी सही जुळत नाही म्हणून तो परत आला आणि तेच ९,७२० नावे बाजूला पडले. नुसती जमा बाजू मोजली की न आलेले पैसेही आल्यासारखे दिसतात.

त्या सभासदांचा यात वाईट हेतू काही नव्हता. हाताला प्लास्टर होतं, सही वाकडी झाली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ऑनलाइन पैसे पाठवलेही. पण ते ऑक्टोबरमध्ये आले, म्हणून पुढच्या पत्रात 'मागील थकबाकीपोटी' या ओळीत दिसतील. चेक परत येण्यापोटी बँकेने सोसायटीकडून जे शुल्क कापलं, तेवढंच त्यांच्या पुढच्या बिलात लागेल.

माझं ८,२५० चं बिल कशाकशाचं बनलं आहे?

पार्किंग नसलेल्या वन बीएचकेचं तीन महिन्यांचं बिल असं: सेवा शुल्क ६,०००, लिफ्ट ६००, पाणी ४५०, सिंकिंग फंड ३००, दुरुस्ती निधी ९००. टू बीएचकेला सेवा शुल्क आणि लिफ्ट तेवढंच, पण पाणी ७२०, सिंकिंग ४५० आणि दुरुस्ती १,३५०, म्हणून ९,१२०. गाडी असेल तर तिमाहीला ६००, दुचाकीला १५०. हे पार्किंगचे दर सर्वसाधारण सभेने ठरवले आहेत. घरपट्टी आपल्याकडे प्रत्येकजण थेट महापालिकेत भरतो, म्हणून ती बिलात नाही.

माझं घर लहान, मग सेवा शुल्क मोठ्या फ्लॅटइतकंच का?

कारण सेवा शुल्कात वॉचमनचा पगार, जिन्याची झाडलोट, जिन्याचे आणि पंपाचे दिवे, हिशेबाचा खर्च या गोष्टी येतात. वॉचमन रात्री गेटवर उभा असतो तो फ्लॅटचं क्षेत्रफळ मोजून नव्हे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान विभागायचं आहे, आणि लिफ्टचंही तसंच. तळमजल्यावरच्या वहिनींनी 'आम्ही लिफ्ट वापरतच नाही' असं दरवर्षीप्रमाणे यंदाही सांगितलं. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, पण उपविधीत वापरणारे आणि न वापरणारे असा भेद नाही.

एक सावधगिरी. तुमच्या नात्यातलं कोणी 'अपार्टमेंट' म्हणून नोंदलेल्या इमारतीत राहत असेल, पुण्यात तशा बऱ्याच आहेत, तर त्यांचा नियम वेगळा. तिथे १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा लागतो आणि खर्च ज्याच्या-त्याच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो. तिथलं बिल आणून इथलं चूक ठरवता येत नाही.

पाण्याचे पैसे नळांवर कसे? आमच्या घरी दोनच माणसं आहेत.

उपविधी माणसं मोजत नाहीत, नळ मोजतात. आपल्या वन बीएचकेत पाच आणि टू बीएचकेत आठ नळजोड आहेत, प्रत्येकी महिना ३० रुपये. दोघांच्या घरावर यात थोडा अन्याय होतो हे मान्य. पण दर महिन्याला कोणाकडे किती पाहुणे आले याची नोंद ठेवायला मी तयार नाही. फ्लॅटवार मीटर बसवायचे असतील तर तो ठराव सर्वसाधारण सभेत आणावा लागेल आणि बसवण्याचा खर्चही आपल्यालाच करावा लागेल.

सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांत फरक काय? दोन्ही एकच दिसतात.

दोन्हींचा आधार एकच आहे, तो म्हणजे फ्लॅटचा बांधकाम खर्च, जमिनीची किंमत वगळून. पुढे दर बदलतात. सिंकिंग फंडाला वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधीला पाऊण टक्का. आपली इमारत २००६ मध्ये पूर्ण झाली. वन बीएचकेचा बांधकाम खर्च तेव्हा ४,८०,००० धरला होता. त्याचा पाव टक्का वर्षाला १,२००, म्हणजे तिमाहीला ३००. पाऊण टक्का ३,६००, म्हणजे तिमाहीला ९००. टू बीएचकेचा आधार ७,२०,०००, म्हणून ४५० आणि १,३५०. आजच्या बाजारभावाशी याचा काही संबंध नाही. तुमचा फ्लॅट आता कितीला जाईल हे मला बिल काढताना कळायची गरज नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

गच्चीची गळती, ड्रेनेजचा पाइप, पंपाची मोटर ही कामं दुरुस्ती निधीतून होतात. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर आर्किटेक्टचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि कामही पुनर्बांधणी, रचनेत भर किंवा मोठी दुरुस्ती अशा प्रकारचं असावं लागतं. जून महिन्यात 'फंडात एवढे पैसे पडून आहेत, जिना रंगवून घ्या' असा आग्रह झाला होता. जिन्याचा रंग त्यात बसत नाही.

या तिमाहीत दोन्ही निधींची आकारणी मिळून ३६,००० होती (सिंकिंग ९,००० आणि दुरुस्ती २७,०००). ही रक्कम मी आकारणीप्रमाणे बाजूला काढतो, वसुलीप्रमाणे नाही. तीन-चार जणांनी भरलं नाही म्हणून निधी कमी काढला, तर पाच वर्षांनी गच्ची गळेल तेव्हा त्या भोकाचा हिशेब कोणालाच लागणार नाही.

मग रोजच्या खर्चाला प्रत्यक्षात किती उरले?

हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, पण तो फक्त एका सभासदाने विचारला.

जमा २,३२,५६६ मधून आगाऊ आलेले १९,४४० काढा, ते पुढच्या दोन तिमाहींचे आहेत. नाव न कळलेले ८,४०० काढा, ते कोणाचे ते ठरेपर्यंत खर्चायचे नाहीत. निधीचे ३६,००० काढा. एप्रिलमध्ये राखून ठेवलेले ९,७२० मात्र यात मिळवा, कारण त्यांची तिमाही आता आली. राहिले १,७८,४४६.

खर्च असा झाला. दोन वॉचमनचे तीन महिन्यांचे ८१,०००. सफाई २१,०००. जिना, पंप आणि लिफ्टचं वीजबिल २१,६००. पाणीपट्टी १३,६००. लिफ्टच्या देखभालीचा करार १२,०००. हिशेब आणि बिलं काढण्याचं काम ९,०००. टाकी धुणं, बल्ब, झेरॉक्स आणि गेटची बिजागरी असे किरकोळ ४,८००. एकूण १,६३,०००.

म्हणजे हातात १५,४४६ उरले. दिसायला बरं दिसतं. पण त्या १,७८,४४६ मध्ये एका जुन्या थकबाकीचे व्याजासकट २७,८४६ आहेत. ते ऑगस्टच्या शेवटी आले नसते तर सप्टेंबरअखेर आपण १२,४०० ने कमी पडलो असतो आणि वॉचमनचा पगार मला पुढे ढकलावा लागला असता. ही तिमाही आपण जुन्या थकबाकीवर काढली. दर वेळी कोणीतरी जुनं देणं फेडायला येईलच असं नाही.

सगळ्यांनी वेळेवर भरलं असतं तर पैसे उरले असते, मग बिल कमी का करत नाही?

निधी वगळून आकारणी १,८६,८४० होते आणि खर्च १,६३,००० झाला, म्हणजे कागदावर २३,८४० उरतात हे खरं. पण इमारतीचा विमा आणि ऑडिटरची फी वर्षातून एकदाच येते आणि ती या तिमाहीत आली नाही. ती आली की हा फरक जवळजवळ संपतो. एका तिमाहीचा खर्च पाहून वर्षाचा दर ठरवायचा नसतो.

थकबाकीवर २,६४६ व्याज कसं आलं? जास्त वाटतं.

मोजून दाखवतो. तिमाहीचं बिल पहिल्या महिन्याच्या अखेरपर्यंत भरायचं असतं. या फ्लॅटची ८,४०० ची तीन बिलं राहिली होती. पहिल्याची मुदत ३१ ऑक्टोबर, दुसऱ्याची ३१ जानेवारी, तिसऱ्याची ३० एप्रिल. पैसे आले ३१ ऑगस्टला. म्हणजे पहिल्या बिलाला दहा महिने उशीर, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला चार, मिळून एकवीस महिने.

आपल्या सभेने दर वर्षाला १८ टक्के ठरवला आहे. उपविधींची कमाल मर्यादा २१ टक्क्यांची आहे. १८ टक्के म्हणजे महिन्याला दीड टक्का, ८,४०० वर १२६ रुपये. १२६ गुणिले २१ म्हणजे २,६४६. हे सरळव्याज आहे. व्याजावर व्याज लावता येत नाही. कुठल्याही बिलात थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा टक्के लावलेले दिसले तर ती चूक आहे, लगेच दाखवा.

त्या सभासदांनी जुनं सगळं भरलं, पण या तिमाहीचं बिल अजून राहिलं आहे. न भरलेल्या तीन फ्लॅटमधला एक तो. 'आत्ताच तर २७ हजार भरले' हा त्यांचा त्रागा मी समजू शकतो.

मी भरले तरी बिलात बाकी दिसते. असं का?

बहुतेक वेळा उत्तर वर आलेल्या त्या ८,४०० मध्ये असतं. १९ सप्टेंबरला खात्यात ८,४०० जमा झाले. पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, पण ते आपल्या एकाही सभासदाचं नाही, आणि शेऱ्यात नुसतं 'मेंटेनन्स' लिहिलं आहे. कदाचित मुलाच्या किंवा जावयाच्या खात्यातून गेले असतील, कदाचित भाडेकरूने थेट भरले असतील.

दुचाकी असलेल्या वन बीएचकेचं बिल बरोबर ८,४०० येतं आणि न भरलेल्यांत तसे दोन फ्लॅट आहेत. रक्कम जुळते म्हणून त्यातल्या एकाच्या नावावर अंदाजाने टाकून द्या, असं मला सुचवलं गेलं. मी तसं करणार नाही. दुसऱ्याने उद्या पावती आणून दाखवली तर मी दोघांनाही तोंड देऊ शकणार नाही. ज्यांनी पाठवले त्यांनी बँकेचा व्यवहार क्रमांक द्यावा, त्याच दिवशी त्यांच्या खात्यात जमा करतो आणि मधल्या काळाचं व्याज लावत नाही. मग या तिमाहीची वसुलीही १,९५,००० होईल.

पुढच्या वेळी यूपीआयने किंवा एनईएफटीने भरताना शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि तिमाही लिहा. 'मेंटेनन्स' असं लिहिलं नाही तरी चालेल, या खात्यात दुसऱ्या कशाचे पैसे येतच नाहीत.

फ्लॅट भाड्याने दिला तर जादा ६०० कशाचे? आणि बंद फ्लॅटला?

ते बिनभोगवटा शुल्क. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आपलं सेवा शुल्क ६,०००, म्हणून ६००. भाडं आठ हजार असो की पंचवीस हजार, हे बदलत नाही. सध्या पाच फ्लॅटना लागतं. आई-वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशा जवळच्या नातलगांना राहायला दिलं तर लागत नाही. नुसतं कुलूप असेल तरीही लागत नाही.

जीएसटी का नाही?

सभासदाचं मासिक बिल ७,५०० च्या वर गेलं आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली, तर तो विषय येतो. आपण दोन्हींच्या बरेच खाली आहोत.

न भरणाऱ्यांची नावं पत्रात का दिली नाहीत?

पत्र घरातली मुलंही वाचतात, कामवाल्या मावशीही वाचतात. एकाने चेकवर वाकडी सही केली आणि एकजण बहुधा मुलाच्या खात्यातून भरून निर्धास्त बसला आहे. त्यांना आणि मुद्दाम न भरणाऱ्याला मी एका यादीत लिहिणार नाही. व्यवस्थापक समितीच्या दर बैठकीत थकबाकीचा तक्ता ठेवला जातो. आधी स्मरणपत्र, मग सचिवांची नोटीस, आणि तरीही न झालं तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज, हा क्रम ठरलेला आहे. सध्या तिथपर्यंत जावं लागेल असा एकच फ्लॅट आहे, ९,७२० वाला, आणि त्यांना दुसरं स्मरणपत्र गेलं आहे.

पावत्या आणि व्हाउचर बघायला मिळतील का?

हो. तुमच्या फ्लॅटचा खातेउतारा कधीही मागा, व्हॉट्सॲपवर पाठवतो. व्हाउचर फाइल बघायची तर रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात या. फाइल घरी मिळणार नाही. मागच्या खजिनदारांच्या काळात एक फाइल अशीच 'दोन दिवसांसाठी' गेली होती, आणि ऑडिटरने तिच्यातल्या गहाळ व्हाउचरांवर लिहिलेला शेरा अजून आपल्या अहवालात आहे. गेटच्या बिजागरीचं ३५० चं बिल त्या मिस्त्रीने सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं आहे. ते बघून हसू नका, त्यावर त्याची सही आणि तारीख दोन्ही आहे.